उत्तरेकडची उशी

मी भित्री आहे. नवऱ्याची दृष्टी गेल्यापासून झाले असं म्हणू नका, मी आधीपासूनच भित्री. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून घरी परत आलेली बाई आहे. त्यामुळे आमच्या ह्यांनी जेवताना एकदा सहज म्हटलं, "नरसम्मा, एकदा अरकूला जाऊन येऊ या का? त्या रेल्वेच्या बोगद्यांचा आवाज ऐकावासा वाटतोय," तेव्हा माझ्या हातातल्या पळीतलं रस्सम ताटाबाहेर सांडलं.

आमचे हे, संन्यासीराव, विशाखपट्टणच्या बंदरात क्रेन चालवायचे. उंचावरच्या त्या काचेच्या खोलीत आयुष्य गेलं. मग काचबिंदूने आधी कडेचं दिसणं खाल्लं, मग मधलं. आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं, तेही चांगल्या दिवशी. दोन वर्षं घर, गच्ची आणि कोपऱ्यावरचं अप्पन्नाचं देऊळ याच्यापलीकडे पाऊल नाही. बंगळूरची आमची मुलगी फोनवर करवादली, "अम्मा, वेड लागलंय का? नान्नांना दरीत घालशील!" बापाच्या काळजीने म्हणाली खरी, पण तिचं ते 'दरीत घालशील' माझ्या मनात जे रुतून बसलं ते बसलंच.

तरी मी हो म्हटलं. का, तर त्या दोन वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. पण मनातून मी एकच मागत होते: नेते तसे धड परत आणू दे. बाकी काही बघायला नको, काही नको.

सल्ला घ्यायला गेले कामेश्वरीकडे. ती आमच्या गल्लीतली, अंध मुलांच्या शाळेत शिकवते, आणि स्वतः जन्मापासून न बघणारी. पार कन्याकुमारीपर्यंत एकटी जाऊन आली आहे. मी आपली मोठ्या हौसेने सांगायला लागले की शेजारच्या वकीलबाईंनी काचेच्या छताच्या डब्यातली तिकिटं काढून द्यायचं कबूल केलंय, चहूबाजूंनी डोंगर दिसतात म्हणे.

कामेश्वरी हसत सुटली. "अक्का, दिसतात कोणाला? बावगारूंना, तुमच्या ह्यांना, काचेच्या पेटीत बसवून एसीची घरघर ऐकवणार का? त्यापेक्षा घरच्या फ्रिजजवळ बसवा की!"

वकीलबाईंची तिकिटं तिथेच बारगळली.

"साधा आरक्षित डबा घ्या, उघडणाऱ्या खिडकीचा," ती म्हणाली. "खिडकी त्यांना. तोंड इंजिनाकडे, म्हणजे वारा तोंडावर येईल आणि बोगदा यायच्या आधी कळेल. तुम्ही शेजारी, वाटेच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची ट्रंक त्यांच्या गुडघ्यावर आपटणार नाही. दारापासून फार लांब नको आणि संडासाला अगदी चिकटून नको. आणि हात खिडकीबाहेर नाही. अरकूच्या वाटेवरच्या बोर्रा गुहेत रविवारी जाऊ नका. गर्दीच्या कोलाहलात गुहा ऐकूच येत नाही. सकाळी जा, आधी फोन करून गाइड ठरवा. आणि त्याला सांगा, हाताला धरून ओढायचं नाही, यांनी त्याचं कोपर धरायचं."

"आणि हॉटेल?"

इथे मात्र ती गंभीर झाली. "हॉटेलच खरं घातक, अक्का. बाहेर माणूस सावध असतो, खोलीत निवांत होतो. तळमजला मागा. पोचल्या-पोचल्या सामान सोडण्याआधी खोली दाखवा. दारापासून सुरुवात, हात भिंतीला, एक फेरी पूर्ण. मग पलंगावर आडवं करून तिथून बाथरूमपर्यंत त्यांना एकट्याला जाऊ द्या, चार वेळा. बाथरूमच्या कडीला रबर गुंडाळा. गरम नळ कुठला ते हाताने दाखवा. आणि मग तिथलं काही म्हणजे काही हलवायचं नाही, खुर्चीसुद्धा नाही. कामवाल्यांना बजावून ठेवा."

"बजावते," मी म्हटलं. बजावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

"आणि अजून एक. काही झालंच तर 'अगंबाई, अहो, बघा बघा' असं ओरडू नका. तुम्ही तशाच ओरडता. त्या ओरडण्यातून कुठे जायचं ते कळत नाही, नुसता माणूस दचकतो. 'थांबा' म्हणा. मग काय करायचं ते सांगा."

गाडी सकाळची. डिसेंबर होता, तरी मला घाम. स्टेशनवर जिन्याकडे जाताना मी "इकडे, इकडे या" असं म्हटलं तर हे मध्येच उभे राहिले.

"इकडे म्हणजे कुठल्या जिल्ह्यात?"

"अहो, चला ना, लोक बघतायत!"

"बघू दे, मला कुठे दिसतायत? हे बघ नरसम्मा, खाली उभा राहून इशारा करणारा जर 'इकडे-तिकडे' करायला लागला ना, तर क्रेनवाला त्याच्या डोक्यावर खोका ठेवायचा. स्टॉप म्हण. मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे, हळू. याच्यापलीकडे भाषा लागत नाही. आणि आवाज चढवू नकोस. वरून किंचाळी आणि शिट्टी सारखीच ऐकू येते."

मग जिन्याच्या तोंडाशी मी त्यांचा हात कठड्यावर ठेवला आणि तोंड फुगवून म्हटलं, "खाली. हळू." ते खाली उतरले, हळू. वर शाबासकी मिळाली, ती निराळीच.

शिवलिंगपुरम स्टेशनानंतर बोगदे सुरू झाले आणि या माणसाच्या तोंडावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं. वारा गार झाला की ते म्हणायचे, "आला." लगेच अंधार, डब्यातल्या पोरांची आरडाओरड, चाकांचा आवाज भिंतींवरून उलटा अंगावर. "हा लांबडा. बघ, आवाज परत यायला वेळ लागतोय. हा आखूड. हा एका बाजूने उघडा." दिसणारी मी नुसता काळोख बघत होते आणि न दिसणारे हे मला बोगदा दाखवत होते. मी पिशवीतला चिंचभात काढून त्यांच्या हातात डबा दिला, आणि एक क्षण, खरं सांगते, एकच क्षण, माझी भीती कुठेतरी मागे राहिली.

हॉटेल लहानसं होतं, रस्त्याला लागून. मालक गंगराजू, पान खाऊन लाल तोंडाचा, भला माणूस. "तळमजलाच ठेवलाय अम्मा, तुम्ही फोनवर सांगितलं तसा." खोलीत गेले आणि पहिल्यांदा नजर गेली ती समोरच्या भिंतीतल्या दुसऱ्या दाराकडे. उघडून बघितलं. रस्त्याच्या बाजूने तळमजला खरा, पण घर डोंगराच्या उतारावर. मागे एक पायरी उतरून सिमेंटचा ओटा, आणि ओट्याखाली थेट उतार, कॉफीची झाडं, खडक. ओट्याला कठडा नव्हता. नुसते गंजलेले खुंट.

"कठडा कुठाय?" मी किंचाळलेच.

"सडला होता अम्मा, काढलाय. संक्रांतीनंतर नवा बसतोय. दाराला वर कडी आहे, ती लावा, कोणी उघडत नाही."

दुसरी खोली तळमजल्यावर रिकामी नव्हती. वर जिना अरुंद, वळणाचा. आगीतून फुफाट्यात. मी वरची कडी स्वतः, स्टुलावर चढून लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

मग कामेश्वरीने सांगितलं तशी फेरी. खोली सोपी होती. पुढच्या दाराने आत आलं की त्याच भिंतीत लगेच बाथरूमचं दार, तिथेही एक पायरी खाली. खोलीच्या मध्ये पलंग. पलंगाच्या पलीकडे समोरची भिंत, आणि तिच्यात ते मेलं मागचं दार. मी ह्यांना आडवं केलं. "आता उजव्या हाताला उतरायचं. सरळ. भिंत लागली की कडी, कडीला रबर. एक पायरी खाली. ती बाथरूम. डाव्या हाताला उतरायचं नाही. डाव्या हाताला मागचं दार आहे."

"डाव्या हाताला यमराज," ते हसून म्हणाले, आणि चार वेळा उठून, उजव्या हाताला उतरून, रबर चाचपून, पायरी उतरून आले. चौथ्या वेळी तर गुणगुणत. मी गंगराजूला, त्याच्या झाडूवालीला, चहा आणणाऱ्याला, सगळ्यांना उभं करून बजावलं: खुर्ची हलवली तर बघा. पाण्याचा तांब्यासुद्धा तिथल्या तिथे. झाडूवाली तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुहा. गाइड आला आणि आल्याबरोबर ह्यांचा पंजा धरून ओढायला लागला. हे म्हणाले, "बाबू, मी काय बाजाराला चाललेली म्हैस आहे का? तुझं कोपर दे, आणि पायरी आली की आधी थांब." बिचारा वरमला, पण शिकला झटकन. मी मागून, दोन्ही हात त्यांच्या शर्टापासून वीतभर अंतरावर, जणू पडले तर मी झेलणार होते! आत गारवा, वटवाघळांचा वास, आणि सगळीकडून थेंब. गाइड नेहमीचं म्हणायला लागला, हा बघा हत्ती, हा बघा साधू, मग मध्येच थांबला आणि म्हणाला, "नाही सर, तुम्हाला मी वेगळं सांगतो. इथे छत एकदम उंच जातं. ऐका."

ह्यांनी टाळी वाजवली. एकच. ती वर गेली आणि बऱ्याच वेळाने, मऊ होऊन खाली आली. पुढे अरुंद जागी त्यांनी पुन्हा वाजवली, तर ती लगेच तोंडावर. हे पोरासारखे हसले. "नरसम्मा, भिंत कुठाय ते टाळी सांगते गं. परत आली तर भिंत आहे. नाही आली तर काही नाही." मी म्हटलं, "पुरे, लोक वेड्यात काढतील." छतातून ठिबकून ह्यांचा शर्ट पार भिजला होता, मला सर्दीची धास्ती.

दुपारी खोलीवर आलो. जेवून हे सुस्तावले. मी उशी झटकायला घेतली आणि खिडकीतून ऊन कुठून येतंय ते बघून एकदम लक्षात आलं. उशी उत्तरेला होती! काल रात्री हा माणूस उत्तरेला डोकं करून झोपला होता, आणि आल्यापासून धाकधुकीत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. उत्तरेला डोकं कोणाचं करतात ते काय सांगायला हवं? माझे सासरे गेले तेव्हा त्यांना तसंच ठेवलं होतं, खाली, दर्भावर.

"अहो, उठा. उशी फिरवते. उत्तर आहे ही."

"झोपू दे ना. काल काय झालं मला?"

"अभद्र बोलू नका!"

"बरं बाई, फिरव. यमाला पत्ता सापडायला नको." ते डोळे मिटूनच या टोकाचे त्या टोकाला सरकले आणि उशीला डोकं टेकताक्षणी घोरायला लागले. मी त्यांच्यावर चादर घातली, मनातल्या मनात अप्पन्नाला हात जोडले. मग भिजलेला शर्ट. तो वाळायला हवा होता. टाचा उंचावून वरची कडी बोटाने कशीबशी खाली पाडली, मागचं दार उघडून तो बाहेरच्या खिळ्याला अडकवला, दार लोटून घेतलं. कडी परत वर लावायला मात्र स्टूल हवं होतं आणि स्टूल ओढलं असतं तर ते जागे झाले असते. म्हटलं, दोन मिनिटांत येतेच आहे. चहा सांगून येते.

दोन मिनिटं कसली! गंगराजूने विचारलं, "सरांना गुहा आवडली का अम्मा?" आणि माझी जीभ सुटली. कोपर कसं धरायचं, सीट कुठली घ्यायची, खोली कशी दाखवायची, मी त्याला सगळं शिकवत बसले. "एक वस्तू हलवायची नाही बघा, गंगराजूगारू. त्यांच्या डोक्यात सगळं नकाशासारखं बसलेलं असतं. पलंगावरून उजव्या हाताला उतरलं की…"

उजव्या हाताला.

वाक्य तिथेच तुटलं. उशी. मी उशी फिरवली. खुर्ची हलवू नका म्हणून जगाला बजावणाऱ्या मी आख्खा माणूसच उलटा करून ठेवला होता. आता त्यांच्या उजव्या हाताला ते दार होतं.

कशी धावले आठवत नाही. चप्पल कुठे गेली माहीत नाही. खोलीचं दार ढकललं. पलंग रिकामा, चादर जमिनीवर. मागचं दार सताड उघडं, आणि त्या उजेडाच्या चौकटीत ह्यांची पाठ. बनियन, लुंगी. ओट्यावर, पायरी उतरून पुढे. त्यांच्या पायांच्या पुढे तळव्याएवढं सिमेंट, आणि मग काही नाही.

माझ्या तोंडात 'अहो' आलं. तेच, माझं नेहमीचं, किंचाळणारं. ते दातांवर आलं आणि मी ते गिळलं. तोंडात हात कोंबला हो मी! बोबडी वळली म्हणतात ना, तसं झालं, एक शब्द धड सापडेना. आणि तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली.

टाळी गेली. परत आली नाही.

त्यांचा उजवा पाय उचललेला होता. तो तसाच हवेत थांबला.

"स्टॉप," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका हळू. "पाय मागे ठेवा. पुढे नाही. मागे."

पाय मागे आला, टेकला.

"मागे. हळू. अजून एक. आता टाचेला पायरी लागेल. लागली? वर. मागेच वर. अजून एक. स्टॉप."

त्यांची पाठ माझ्या छातीला लागली आणि मी बनियन दोन्ही मुठींत धरून तशीच मागे, खोलीत, जमिनीवर बसले, त्यांना घेऊनच. ते माझ्या मांडीवर पडले, एवढा मोठा माणूस. मग मात्र जे रडू फुटलं ते आवरेना. दारात गंगराजू चहाचा पेला घेऊन उभा होता.

हे म्हणाले, "नरसम्मा, ही बाथरूम कुठल्या जिल्ह्यात आहे गं?"

"गप्प बसा हो!"

"रबर नव्हतं कडीला. वाटलं, गळून पडलं असेल. पायरी होती तशीच. पण खाली फरशी गार लागायला हवी, ती उन्हाने तापलेली. आणि बाथरूममध्ये वारा कसा?" त्यांचा हात माझं मनगट शोधत आला. "तू हाक मारली असतीस ना नेहमीसारखी, तर मी दचकून वळलो असतो."

यमाच्या भीतीने मी उशी फिरवली आणि त्यांना सरळ त्याच्या दारात नेऊन उभं केलं. त्यांना हे माहीत होतं. त्या ओट्यावर, पाय हवेत असतानाच कळलं असेल. त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला सहन होईना.

गंगराजूने दाराला वरखाली दोन्ही कड्या लावल्या, वर एक फळी ठोकून दिली. ठोकताना त्याने तीनदा माफी मागितली. मी म्हटलं, "बाबू, तुझ्या कठड्याचं मी बोलणारच आहे, सोडणार नाही तुला. पण उशी काही तू हलवली नव्हतीस."

संध्याकाळी त्यांना मी पुन्हा दारापासून सुरुवात करून फेरी घालायला लावली. हात भिंतीला. बाथरूम, रबर, पायरी. मग पलंग. मी उशी उचलली. ती उशी मी परत उत्तरेला ठेवली.

"काय करतेस? त्या टोकाला उत्तर ना?"

"हो."

"मग तुझा यम?"

"येऊ दे," मी म्हटलं. "आला तर त्याला सांगा, उजव्या हाताला बाथरूम आहे."

ते आडवे झाले. उजव्या हाताला एकदा हात पसरून त्यांनी हवेतच भिंतीची दिशा पक्की केली, आणि मग डाव्या हाताला पसरला. तिथे मी होते. माझी उशीही मी उत्तरेलाच ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तशी झोपले, त्यांच्या आणि त्या फळी ठोकलेल्या दाराच्या मध्ये, आणि डोळे मिटायला मला फार वेळ लागला.